व्याज जमा होतंय, तरी खातं बंद?

आत्याच्या जुन्या बचत खात्यात दर तिमाहीला व्याज जमा होत होतं. पासबुक भरून आणलं की नवी नोंद दिसायची, त्यामुळे खातं चालू आहे याबद्दल तिला शंकाच नव्हती. गेल्या वर्षी एटीएममधून पैसे निघेनात म्हणून शाखेत गेली, तर काउंटरवर उत्तर मिळालं, "खातं डॉर्मंट झालंय."

बऱ्याच जणांचा गोंधळ इथेच होतो, म्हणून सविस्तर लिहितोय. बँकेने स्वतःहून घातलेल्या नोंदी, म्हणजे बचतीचं व्याज, शुल्क, दंड, कर, या खातं चालू असल्याचा पुरावा धरल्या जात नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार बचत किंवा चालू खात्यात २ वर्षांहून जास्त काळ ग्राहकाच्या बाजूने काहीच व्यवहार नसेल, तर ते 'इनऑपरेटिव्ह', म्हणजेच काउंटरवरच्या भाषेत डॉर्मंट, होतं. आत्याने शेवटचे पैसे काढले मार्च २०२२ मध्ये. पुढे फक्त व्याज. म्हणजे मार्च २०२४ मध्ये मुदत संपली.

ग्राहकाच्या बाजूचा व्यवहार म्हणजे पैसे काढणं-भरणंच असं नाही. यूपीआय, चेक, सरकारी योजनेचे थेट जमा होणारे पैसे, शेअरचा लाभांश, मुदत ठेवीचं व्याज या खात्यात येणं, हे सगळं चालतं. मोबाइल ॲपमध्ये नीट लॉगिन केलं किंवा केवायसी अद्ययावत केली तरी खातं जिवंत राहतं. हे शाखेत कुणी सांगत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. वर्षभर हालचाल नसेल तर बँकेने पत्र, ईमेल किंवा एसएमएसने कळवायचं असतं. पण आत्याचा नोंदवलेला नंबर कधीच बंद झाला होता. सूचना गेली असेलच, तर त्या बंद नंबरवर.

खातं असं अडवणं मला चुकीचं वाटत नाही. ज्या खात्याकडे मालकाचं लक्ष नाही, त्यातून कुणी हळूच पैसे काढले तर वर्षानुवर्षं कळणारही नाही. म्हणूनच अशा खात्यातून पैसे बाहेर जाणं थांबवतात आणि ते पुन्हा सुरू झाल्यावरही किमान ६ महिने बँक त्यावर जास्त लक्ष ठेवते. सुरुवातीला व्यवहारांच्या रकमेवर मर्यादा आली तर घाबरू नका.

पुन्हा सुरू करायचं म्हणजे मुख्यतः केवायसी नव्याने करायची. आत्याने साध्या कागदावर खातं सुरू करण्याचा अर्ज लिहिला, बँकेचा केवायसी फॉर्म भरला, आधार आणि पॅनच्या सही केलेल्या झेरॉक्स जोडल्या, मूळ कागद दाखवले, फोटो दिला. मोबाइल नंबर बदलण्याचा अर्ज त्याच वेळी दिला, तो विसरू नका. अडलं ते सहीपाशी. वयामुळे तिची सही बदललीये, नमुन्याशी जुळेना. मग ओळख पटवून नवीन नमुना सही घेतली. घरात वयस्कर माणसं असतील तर ही तयारी ठेवूनच जा.

जिथे खातं आहे त्याच शाखेत जायची सक्ती नाही. केवायसी बँकेच्या कुठल्याही शाखेत करता येते आणि बँकेकडे सोय असेल तर व्हिडिओ कॉलवरूनही. कागद पूर्ण असतील तर ३ कामकाजाच्या दिवसांत खातं सुरू व्हायला हवं. त्यासाठी अर्जाच्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. खातं सुरू करायचं शुल्क नाही. इनऑपरेटिव्ह असताना किमान शिल्लक नव्हती म्हणून दंडही लावता येत नाही. कुणी मागितला तर कुठल्या नियमाने, हे लेखी मागा. लेखी तक्रारीनंतर ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं.

आणि "तुमचं खातं डॉर्मंट झालंय, लिंक उघडा, ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. शाखेत जाऊन विचारा.

१० वर्षं खात्याकडे कुणी फिरकलंच नाही, तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जातात. ते बुडत नाहीत. खातेदार किंवा वारस आपल्याच बँकेकडे मागणी करून परत मिळवू शकतात. अशा ठेवी शोधायला २०२३ पासून 'उद्गम' पोर्टल आहे, पण तिथे या निधीत गेलेल्याच रकमा सापडतात. बाबांचं ४-५ वर्षांपूर्वी थांबलेलं खातं तिथे दिसलं नाही, म्हणजे ते नाहीच असं समजू नका. त्यासाठी जुनं पासबुक घेऊन त्या बँकेतच जावं लागेल.