तोल बिघडला तरी पृथ्वी पडत नाही

"मित्रांनो, केंद्रीय बल दोन मिनिटांत! १) ग्रह सूर्यावर पडत नाही, कारण गुरुत्वाकर्षण आणि अपकेंद्री बल कायम सारखं असतं. २) हा तोल जरासा जरी बिघडला तरी ग्रह सूर्यात कोसळतो, नाहीतर कायमचा निघून जातो. ३) E ऋण तर लंबवर्तुळ, शून्य तर अन्वस्त, धन तर अपास्त. बल कुठलंही असो, नियम हाच. ४) बाहेरून आलेली वस्तू सूर्याच्या फार जवळ गेली की अडकते. पेपरला एवढंच येतं. पुढे पाठवा."

हे मला तीन दिवसांत चौघांनी पाठवलं. पहिली तीन मी न बोलता पुसली. चौथं आलं भाच्याकडून, खाली त्याची ओळ: "मावशी, उद्या हेच लिहू ना?" भाचा इथेच इंदूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दुसऱ्या दिवशी त्याची मेकॅनिक्सची चाचणी होती. मी आयुष्यभर हाच विषय शिकवला, आणि घरातलं पोर हे लिहून येणार! वही घेऊन ये म्हटलं. आला, येताना पोहे-जिलबीही घेऊन आला, म्हणून रागावले जरा कमी.

खरा घात दुसऱ्या मुद्द्यात आहे, पण त्याचं मूळ पहिल्यात आहे. तिथूनच सुरू करते.

पहिला. यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करते. ग्रहाचा वेग दोन भागांत तोडायचा: एक सूर्याकडे किंवा सूर्यापासून दूर जाणारा, दुसरा आडवा. कोनीय संवेग L बदलत नाही, म्हणून आडव्या वेगाची ऊर्जा फक्त अंतर r वापरून लिहिता येते: L²/2mr². ती गुरुत्वाच्या स्थितिज ऊर्जेत मिळवली की झालं इफेक्टिव्ह पोटेन्शियल:

V_eff(r) = L²/2mr² − GMm/r

दोन मितींचा प्रश्न एका मितीचा झाला. उरलं फक्त r, आणि त्याचं समीकरण असं:

m r̈ = L²/mr³ − GMm/r²

उजवीकडचं पहिलं पद म्हणजे ते "अपकेंद्री बल". ते दिसतं ते ग्रहाबरोबर फिरणाऱ्या चौकटीतून पाहिलं म्हणून. बाहेर उभं राहून पाहिलं तर ग्रहावर बल एकच, सूर्याकडे ओढणारं. (वहीत भाच्याचं चिन्ह उलटं आलं होतं. त्यानं L ची किंमत थेट लग्रांजियनमध्ये घातली होती. तसं केलं की अपकेंद्री पद ऋण होऊन बसतं. ती किंमत ऊर्जेच्या किंवा गतीच्या समीकरणात घालायची. ही चूक दरवर्षी कोणीतरी करतंच.)

माझा आक्षेप आहे "कायम सारखं" याला. ही दोन पदं कायम सारखी राहतात ती फक्त वर्तुळाकार कक्षेत, आणि पृथ्वीची कक्षा वर्तुळ नाही. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्यापासून सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर असते, जुलैच्या सुरुवातीला १५.२१ कोटींवर. उत्केंद्रता e ०.०१६७. दोन पदांचं गुणोत्तर काढलं तर उपसूर्य स्थितीत ते बरोबर 1 + e येतं आणि अपसूर्य स्थितीत 1 − e. म्हणजे जानेवारीत अपकेंद्री पद गुरुत्वापेक्षा १.६७ टक्के जास्त, जुलैत तेवढंच कमी. दोन्ही सारखी होतात वर्षातून दोनदाच, साधारण एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला. तेव्हाही पृथ्वी त्या अंतरावर थांबत नाही, कारण r बदलण्याचा तिचा वेग नेमका तेव्हाच सर्वांत जास्त असतो. झोपाळा मधोमध आला की त्याला इकडेतिकडे ढकलणारं काही नसतं, तरी तो तिथे थांबत नाही, तसंच.

दुसरा. मग बघा. तोल बिघडला की कोसळायचं असेल, तर वर्षातले दोन क्षण सोडून पृथ्वीचा तोल सदाच बिघडलेला आहे. ती कोसळत का नाही?

V_eff चा आलेख काढा. r लहान असताना 1/r² चं पद जिंकतं आणि वक्र उभ्या भिंतीसारखा वर जातो. r मोठं झालं की −1/r उरतं आणि वक्र खालून शून्याकडे सरकतो. मध्ये एक दरी. दरीचा तळ म्हणजे वर्तुळाकार कक्षा. ऊर्जा तळापेक्षा थोडी जास्त असेल तर आडवी ऊर्जारेषा वक्राला दोन ठिकाणी कापते. ते दोन वळणबिंदू, आणि r त्यांच्यामध्ये ये-जा करतं. सूर्याकडे जायला आतली भिंत आडवी येते, बाहेर जायला ऊर्जा पुरत नाही. धक्का लहान असेल तर ये-जाही लहानच.

भाच्याला हे आकड्यांशिवाय पटेना, म्हणून आम्ही आकडे घातले. समजा पृथ्वी वर्तुळातच फिरते आहे, वेग २९.८ किमी प्रति सेकंद. सूर्य-पृथ्वी अंतर एक मानू. कोणीतरी तिचा आडवा वेग अचानक k पट केला. ऊर्जा आणि कोनीय संवेग जुळवले की दुसरा वळणबिंदू येतो

r = k²/(2 − k²)

वेग १० टक्क्यांनी वाढवला: 1.21/0.79, म्हणजे १.५३. पृथ्वी जवळपास मंगळाच्या अंतरापर्यंत जाते आणि परत येते. १० टक्क्यांनी कमी केला: 0.81/1.19, म्हणजे ०.६८. शुक्राच्या कक्षेच्या थोडं आत जाऊन परत. आणि दहा टक्के हा "जरासा" धक्का नव्हे, सेकंदाला तीन किलोमीटरचा आहे! कायमची निघून जायला k² दोन व्हायला हवं, म्हणजे वेग सुमारे ४२ किमी प्रति सेकंद, आधीपेक्षा १२ जास्त.

आणि कोसळायला? आतला वळणबिंदू सूर्याच्या त्रिज्येएवढा, सुमारे ७ लाख किलोमीटर, व्हायला हवा. गणित केलं तर k येतो ०.०९६. म्हणजे २९.८ मधून २.९ उरेपर्यंत ब्रेक लावायचा, जवळजवळ २७ किमी प्रति सेकंद घालवायचे. सूर्यात पडणं हे सूर्यमालेतून निघून जाण्याच्या दुपटीहून अवघड आहे! पार्कर सोलर प्रोब हे यान २०१८ मध्ये सुटलं. सूर्याच्या जवळ जायचं म्हणून त्याला शुक्राजवळून सात वेळा जाऊन वेग कमी करत राहावं लागलं, तेव्हा कुठे डिसेंबर २०२४ मध्ये ते पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवर पोहोचलं. त्या मजकुरावर विश्वास ठेवला असता तर एक टिचकी पुरली असती.

इथे एक खोच आहे, तिच्यावर गुण जातात. आडवा धक्का दिला की L बदलतो, म्हणजे आलेखच बदलतो. जुन्याच वक्रावर नवी ऊर्जारेषा ओढली तर उत्तर चुकतं. वरच्या पहिल्या उदाहरणात दरीचा तळ १ वरून १.२१ वर सरकला, आणि पृथ्वी जिथे होती ती जागा आतला वळणबिंदू झाली. धक्का थेट सूर्याच्या दिशेनं किंवा उलट दिला तर मात्र L तोच राहतो आणि वक्रही तोच. तसा १० टक्क्यांचा धक्का दिला तर r फक्त ०.९१ ते १.११ मध्ये झुलतं. आधी विचारायचं धक्का कोणत्या दिशेनं, मगच पेन्सिल उचलायची.

तिसरा. E म्हणजे एकूण ऊर्जा. व्यस्त वर्गाच्या आकर्षणासाठी नियम बरोबर. "बल कुठलंही असो" हे कुणी जोडलं कोण जाणे. स्प्रिंगचं बल घ्या, अंतराच्या प्रमाणात वाढणारं. तिथे ऊर्जा नेहमी धन, तरी वस्तू कधीच सुटत नाही आणि कक्षा लंबवर्तुळच. फक्त बलाचं केंद्र नाभीवर नसतं, लंबवर्तुळाच्या मध्यावर असतं. ऊर्जेचं चिन्ह पाहून इथे काहीच कळत नाही. बघायचं ते हे, की दूर गेल्यावर V_eff कुठे जातं आणि ऊर्जारेषा त्याच्या वर आहे की खाली.

बांधलेली कक्षा म्हणजे लंबवर्तुळ, हेही चूक. बल rⁿ प्रमाणे बदलत असेल, तर वर्तुळाजवळच्या कक्षेत r एका फेरीत √(n+3) वेळा झुलतं. व्यस्त वर्गासाठी n = −2, म्हणून एका फेरीत एक झोका, कक्षा बंद. स्प्रिंगसाठी n = 1, दोन झोके, तीही बंद. n = −1 घेतलं तर √2 झोके: ग्रह बांधलेला, पण वाट स्वतःला मिळत नाही, दोन वर्तुळांच्या मध्ये फुलाच्या पाकळ्यांसारखी सरकत राहते. जोसेफ बर्ट्रांडनं १८७३ मध्ये सिद्ध केलं की प्रत्येक बांधलेली कक्षा बंद होईल अशी केंद्रीय बलं दोनच आहेत, व्यस्त वर्गाचं आणि स्प्रिंगचं. "कुठलंही असो" दीडशे वर्षांपूर्वीच निकालात निघालं आहे.

याच सूत्रात दुसऱ्या मुद्द्यातला खरा अंशही सापडतो. n हे −3 पेक्षा खाली गेलं की वर्गमुळात ऋण संख्या येते. म्हणजे झोका नाहीच. 1/r⁴ चं बल घेऊन आलेख काढा: आत भिंत नाही, दरीच्या जागी टेकडी आहे, आणि वर्तुळाकार कक्षा तिच्या शिखरावर. तिथे टिचकीनं खरंच कोसळायला होतं किंवा निघून जायला होतं. कृष्णविवराजवळही सापेक्षतेमुळे असं घडतं, 6GM/c² च्या आत वर्तुळाकार कक्षा स्थिर राहत नाही. सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी ते अंतर सुमारे ९ किलोमीटर. आपण १५ कोटींवर आहोत.

चौथा. यावर फार शाई घालवत नाही. जवळ गेल्यानं ऊर्जा कमी होत नाही. E धन असेल तर ऊर्जारेषा वक्राला एकदाच कापते, वळणबिंदू एकच: आत यायचं, वळायचं, निघून जायचं. २०१७ मध्ये सूर्यमालेबाहेरून आलेला ओउमुआमुआ बुधाच्या कक्षेच्या आत येऊन गेला, उत्केंद्रता सुमारे १.२, आणि गेला तो गेलाच. अडकायचं तर गुरूसारख्या तिसऱ्या कुणीतरी त्याची ऊर्जा काढून घ्यावी लागते, आणि मग तो प्रश्न दोन वस्तूंचा राहत नाही.

चाचणीत भाच्याला 1/r³ चं बल आलं. n बरोबर −3. भिंत आणि ओढ दोन्ही 1/r² च्या, दरीही नाही, टेकडीही नाही. त्यानं L च्या तीन किमती धरून तीन वक्र काढले: एक पूर्ण वर, एक पूर्ण खाली, आणि एक शून्यावर सपाट. सपाट वक्राखाली लिहिलं, "इथे वर्तुळ कुठल्याही r ला चालेल, पण टिकणार नाही."