गॅलरीत आहे म्हणजे डोक्यात आहे

उद्या सकाळी ११ वाजता बारावीचा फिजिक्सचा पेपर आहे आणि तुमच्या मोबाइलमध्ये सरावप्रश्नांचे २१७ फोटो आहेत? मग घाबरायचं काही कारण नाही. तुमचा अभ्यास झालेला आहे, आता तो फक्त बघायचा उरलाय.

फोटो काढायची रीत मात्र पाळलेली असावी. प्रश्न आणि त्याखाली सोडवलेलं उत्तर एकाच चौकटीत यायला हवं, म्हणजे डोक्याला मध्ये थांबावं लागत नाही. धड्याचं नाव आणि पानाचा आकडा चुकूनही येऊ देऊ नका. त्यानं पुन्हा पुस्तक उघडायची इच्छा होते. पान दाबून धरायला अंगठा लागतोच, तो थोडा मजकुरावर आला तर येऊ द्या. आणि वही वर्गातल्या सर्वांत सुंदर अक्षरवाल्याचीच घ्या. अक्षर इतकं वळणदार असताना उत्तर चुकीचं कसं असेल?

वाचायची पद्धतही सोपी आहे. उशीला टेकायचं, दोन बोटांनी फोटो मोठा करायचा, प्रश्नाची पहिली ओळ वाचायची आणि दुसरी संपायच्या आत नजर खाली उत्तरावर घसरू द्यायची. मग मान हलवून म्हणायचं, "हां, हे तर येतं." एका फोटोला वीस सेकंद धरली तर २१७ फोटो सव्वा तासात संपतात. विज्ञानही आपल्या बाजूनं आहे. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले, पण ते सोडा. तुमचं परीक्षाकेंद्र तुमच्या पलंगापासून पाच मिनिटांच्या आत असेल, तर माझी रीत शास्त्रशुद्ध आहे.

एवढं सांगून मी थांबणार होतो. पण नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी पेपरच्या आदल्या रात्री जे घडलं ते सांगितलं नाही, तर तुम्हीही आमच्या गुड्डूसारखे वाया जाल.

गुड्डू म्हणजे माझा भाचा. रात्री साडेनऊला तो दिवाणावर आडवा पडून १४० व्या फोटोपर्यंत पोचला होता. सगळं येत होतं त्याला. समोर आमची आई, म्हणजे त्याची आजी, पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसली होती. हे तिचं रोजचं काम. पेन्सिल, खोडरबर आणि अर्धी सोललेली संत्री.

"काऊन रे, इतक्या वेळचा तू काय करून राहिला?" तिनं विचारलं.

"प्रॉब्लेम्स सोडवून राहिलो, आजी."

"पेन कुठी हाय मंग?"

गुड्डूनं मोबाइल पुढे केला. आजीनं चष्मा वर करून पाहिलं. फिजिक्स तिला कळायचं कारण नाही, पण वर प्रश्न आणि खाली उत्तर एवढं तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "माह्या कोड्याचं उत्तर उद्याच्या पेपरात येते. आजच खाली छापलं असतं, तर मी कोडं कायले सोडवलं असतं? वाचलंच असतं."

बास. एवढ्यावर मुलगा बिघडला. तो उठून बसला आणि त्यानं आजीच्या बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा फाडून मोबाइलच्या खालच्या अर्ध्या भागावर धरला. माझ्या देखत! मग वही घेतली, पेन घेतलं. पुढे तर त्यानं फोटो कापायलाच सुरुवात केली: प्रश्नाचा तुकडा एका अल्बममध्ये, उत्तराचा दुसऱ्या. इतक्या मेहनतीनं एकत्र आणलेल्या दोघांची अशी ताटातूट करणारं काळीज कसं असेल, विचार करा.

सगळे २१७ आता होणार नाहीत हे त्याला लगेच कळलं. तिघांनी पाठवल्यामुळे तेच ते फोटो तीनतीनदा आले होते, काही हललेले होते. एक तर ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेचा होता आणि त्याखाली 'उद्या हेच येणार' असं लिहिलेलं. आपला फिजिक्सचा लेखी पेपर ७० गुणांचा असतो, हे गुड्डूला नेमकं त्याच वेळी आठवलं. ७० गुणांना १८० मिनिटं, म्हणजे एका गुणाला अडीच मिनिटं आणि तीन गुणांच्या गणिताला साडेसात-आठ. त्यानं झोपायच्या आधीचा दीड तास मोजला आणि बारा गणितं निवडली. बारा! वेगवेगळ्या धड्यांतून एखादं, तेही दिसायला वेगळं असलेलं. २०५ फोटोंचा असा अपमान मी आजवर पाहिला नव्हता.

चौथं गणित 'सुपरपोझिशन ऑफ वेव्हज'मधलं होतं. नळीची लांबी ४८.५ सेंटिमीटर, आतला व्यास ५ सेंटिमीटर, हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर, मूळ कंपनसंख्या काढा. नळी कशी आहे ते उजव्या कडेला लिहिलेलं होतं आणि तिथे अंगठा होता. वही ज्याची, अंगठा त्याचाच. गुड्डूनं नळी दोन्ही टोकांना उघडी धरली. हवेचा स्तंभ नळीच्या तोंडाशी नेमका संपत नाही, थोडा बाहेरही थरथरतो, म्हणून प्रत्येक उघड्या टोकाला व्यासाच्या ०.३ पट लांबी वाढवायची असते. ती एंड करेक्शन. पाचाची ०.३ पट दीड. दोन टोकांचे तीन मिळवून लांबी ५१.५ झाली, तिच्या दुपटीनं वेगाला भागलं, उत्तर ३३० हर्ट्‌झ.

पुठ्ठा बाजूला केला तर खाली सुंदर अक्षरात, दुहेरी चौकटीत १७५ हर्ट्‌झ.

अशा वेळी काय करायचं ते मी त्याला लगेच सांगितलं. "अरे, १७५ पाठ कर आणि पुढं चल." पण त्यानं वहीवाल्या मित्राला फोन लावला. "अबे, तुह्या अंगठ्याखाली काय हाय?" पलीकडून कळलं की नळी एका टोकाला बंद आहे. बंद टोकाला करेक्शन लागत नाही, म्हणून लांबीत एकदाच दीड मिळवायचा: ५० सेंटिमीटर. आणि बंद नळीत लांबीच्या चौपटीनं भागायचं. ३४० भागिले २ मीटर, म्हणजे १७० हर्ट्‌झ.

आता १७० की १७५? गुड्डू पाच मिनिटं आपलीच आकडेमोड तपासत बसला. भागाकार बरोबर, एककं बरोबर. चूक आपलीच असणार, कारण समोरचं अक्षर पाहा ना! तो ते प्रश्नाचं वाक्य मोठ्यानं वाचत होता आणि आजी तेरा आडवामध्ये अडकलेली.

"ते पाच सेंटिमीटरचं काय झालं?" ती कोड्यातून मान वर न काढता म्हणाली.

"कोणत्या पाच?"

"आत्ता तूच तं वाचलं. खालच्या उत्तरात तं पाच आलाच नाही. मंग देला कायले असंन त्यानं?"

उत्तरात व्यास खरंच कुठेच नव्हता. मित्रानं ४८.५ तशीच घेतली होती. ३४० ला १.९४ नं भागलं की १७५ येतात. करेक्शन राहून गेली होती, आणि ही चूक दुहेरी चौकटीत बसून चाळीस जणांच्या मोबाइलमध्ये आरामात नांदत होती. गुड्डूनं पुस्तक उघडून ती ०.३ पट पुन्हा पाहिली आणि मगच १७० खाली रेघ मारली.

इथे तरी थांबावं की नाही? पण वाईट सवय एकटी येत नाही. तो मलाच शिकवायला लागला. "मामा, बघा ना, उत्तर चुकलं की कुठं चुकलं ते आकडाच सांगते. १७५ आला तर करेक्शन विसरलो. ३३० आला तर नळी उघडी धरली." मग त्याच नळीवर त्यानं स्वतःच दुसरा प्रश्न घातला: पहिला ओव्हरटोन किती? बंद नळीत फक्त विषम पटी चालतात, म्हणून १७० ची तिप्पट, ५१०. हीच नळी दोन्हीकडून उघडी असती तर ३३० ची दुप्पट, ६६०. म्हणजे मघाशी चुकून काढलेला ३३० सुद्धा त्यानं कामाला लावला. एक फोटो, चार प्रश्न! गॅलरीतल्या जागेचा असा चेंगटपणा बरा नव्हे.

बारांपैकी सात सुटली. तीन आकडेमोडीत गेली. त्यातल्या दोन ठिकाणी दहाचा घात पुसट होता आणि उणे तीन की उणे आठ ते फोटोत कळतच नव्हतं. दोन गणितांत सुरुवात कुठून करायची तेच सुचलं नाही. त्या दोन्हींची उत्तरं त्यानं सावकाश वाचली, पुठ्ठा परत ठेवला आणि कोऱ्या पानावर पहिल्यापासून लिहिली. शेवटी या पाच चुकांचं एक पान केलं, प्रत्येकीला दोन ओळी, आणि त्या पानाचा फोटो काढला. त्या रात्रीतला त्याचा एकुलता एक नवा फोटो. पावणेबाराला दिवा मालवून झोपला. उरलेल्या दोनशेवर फोटोंना शुभरात्री म्हणायचीही रीत नाही.

सकाळी तर्री-पोहे खाताना त्यानं तेवढं एकच पान पाहिलं आणि मोबाइल घरी ठेवून गेला.

दुपारी परत आल्यावर मी पहिला प्रश्न तोच विचारला. "नळी आली का?"

"नाही आली."

मला किती बरं वाटलं सांगू! "बघ, म्हटलं होतं ना? रात्रभर एका नळीत तोंड घालून बसलास."

"पण एका गणितात माह्याकडून एक आकडा वापरायचाच राहिला होता," तो चपला काढत म्हणाला. "म्हणून प्रश्न परत वाचला."

आजीनं तेव्हा ताजा अंक उघडलेला. तेरा आडवा तिचाही चुकलाच होता. पेन्सिलीनं ते घर खोडून ती शेजारी बरोबर शब्द लिहीत होती. गुड्डूच्या मोबाइलवर तोवर ग्रुपमध्ये केमिस्ट्रीचे १६४ फोटो येऊन पडले होते. पहिल्याच फोटोत तोच अंगठा. तुमच्याही ग्रुपवर एव्हाना आले असतील. गॅलरीत जागा करून ठेवा.