डॉक्टर येण्यापूर्वी

रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि मी जेवलो होतो. या एका वाक्यात दोन 'होते-होतो' आहेत, पण इंग्रजीत गेल्यावर त्यातल्या एकालाच 'हॅड' मिळतो. जेवणाला मिळतो, घड्याळाला नाही. हे ज्ञान मला त्या रात्री साडेअकराला झालं. साडेनऊला मी सुखी होतो.

तेवढ्यात आठवीतली कन्या वही घेऊन आली. आल्या आल्या तिने पंखा बारीक केला. याचा अर्थ काम सहीचं नाही, मोठं आहे.

"बाबा, हे उद्या द्यायचंय. दोन वाक्यं जोडायची. बिफोर, आफ्टर, बाय द टाइम. एकात हॅड घालायचा आणि एकात साधा भूतकाळ. तुझं इंग्लिश चांगलं आहे असं आजी म्हणते."

आजीचं मत माझ्या टायपिंगच्या वेगावरून बनलेलं आहे, पण तो खुलासा करायची ही वेळ नव्हती. मी वही घेतली. पहिला प्रश्न: द पेशंट डाइड. द डॉक्टर केम. कंसात बिफोर.

या पेशंटला मी ओळखतो. १९९० साली मी आठवीत असताना तो आमच्या वर्गात वारला होता. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून, त्यामुळे तीन वर्षांच्या पुंजीवर आम्ही त्याचं क्रियाकर्म उरकलं होतं. इतकी वर्षं गेली, गावोगावी दवाखाने झाले, पण व्याकरणातले डॉक्टर अजून वेळेवर पोहोचत नाहीत.

सरांनी तेव्हा एक नियम पाठ करून घेतला होता. एका घटनेला हॅड आणि क्रियापदाचं तिसरं रूप, दुसरीला नुसता भूतकाळ, एवढं आठवत होतं. कोणत्या घटनेला कोणता, एवढाच तपशील गळला होता. मी मनाशी मराठी केलं, 'डॉक्टर येण्याआधी रोगी मेला.' 'आधी' हा शब्द कुणाला चिकटलाय? डॉक्टरांना. मग आधीचा हॅडही त्यांनाच. मी ठणकावून सांगितलं, "लिही. द पेशंट डाइड बिफोर द डॉक्टर हॅड केम."

"हॅड कम," कन्या म्हणाली. "कम, केम, कम. आणि आधी कोण गेलं, बाबा?"

आधी रोगी गेला. मराठीची गंमत अशी की 'आधी' डॉक्टरांच्या शेपटीला बांधलेलं असतं आणि आधी जातो तो रोगी. शिवाय 'येण्याआधी' या रूपाला काळच नाही. डॉक्टर काल येणार होते की उद्या येणार आहेत, ते त्यातून कळत नाही. सगळा काळ वाक्याच्या शेवटच्या क्रियापदावर सोडून आपण मोकळे. 'जेवून झाल्यावर', 'पाऊस थांबेपर्यंत', सगळी मंडळी तशीच बिनकाळाची. इंग्रजीत ही चैन नाही. तिथे 'बिफोर'च्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या प्रत्येक क्रियापदाला आपला काळ सांगावा लागतो. म्हणून मराठी माणूस तिथे अडखळतो. आयुष्यभर जे ठरवायची वेळच आली नाही, ते रात्री साडेनऊला ठरवायचं.

शेवटी कन्येनेच लिहिलं, 'द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.' हॅड ज्याच्याकडे, तो आधी गेला. शब्द कुणाला चिकटलाय ते बघायचंच नाही.

दुसऱ्या प्रश्नात तीच दोन माणसं, कंसात आफ्टर. मी सावध झालो होतो, म्हणून बिफोरच्या जागी आफ्टर घातलं आणि रोग्याचा हॅड काढून डॉक्टरांना दिला: 'द पेशंट डाइड आफ्टर द डॉक्टर हॅड कम.' व्याकरण बिनचूक. पण वाचल्यावर दोघेही गप्प झालो. डॉक्टर आले आणि मग रोगी गेला! एका शब्दाच्या फरकाने उशिरा येणाऱ्या डॉक्टरांवर आता नातेवाईक दगड घेऊन धावणार होते.

"असं नाही करायचं," कन्या म्हणाली. "गोष्ट तीच ठेवायची. आधी काय झालं ते बदलायचं नाही." मग तिने वाक्य फिरवलं: 'द डॉक्टर केम आफ्टर द पेशंट हॅड डाइड.' डॉक्टर सुटले. मीही.

तिसऱ्याला बाय द टाइम. मी म्हटलं, सोपं आहे. डॉक्टर येईपर्यंत रोगी मेला होता. 'पर्यंत' म्हणजे टिल. "लिही, टिल द डॉक्टर केम, द पेशंट हॅड डाइड."

"म्हणजे डॉक्टर येईपर्यंत तो मरतच होता?" कन्येने विचारलं.

इथे आपली भाषा पुन्हा दगा देते. 'तो येईपर्यंत मी थांबलो' आणि 'तो येईपर्यंत मी जेवलो होतो' या दोन्हींत आपला 'पर्यंत' एकच. पण थांबणं तो येईतो चालूच होतं, तिथे टिल. जेवण मात्र त्याच्या येण्याच्या आत कधीतरी उरकून, हात धुऊन झालेलं होतं, तिथे बाय द टाइम. म्हणून बाय द टाइमच्या मागे साधा भूतकाळ येतो आणि स्वल्पविरामानंतर हॅड: 'बाय द टाइम द डॉक्टर केम, द पेशंट हॅड डाइड.' रोगी तीन वेळा गेला होता. मला थोडं हलकं वाटायला लागलं होतं.

चौथ्या प्रश्नाने घर पेटलं. द गेस्ट्स अराइव्ह्ड. मदर कुक्ड द फूड. कंसात बाय द टाइम.

रोगी आणि डॉक्टरांत आधी कोण, हे परंपरेने ठरलेलं आहे. पण पाहुणे आधी की स्वयंपाक आधी? पुस्तकात पाहुणे पहिल्या वाक्यात होते, म्हणून मी भोळेपणाने म्हणालो, "पाहुणे आधी आले."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. "मी कधी पाहुणे आल्यावर स्वयंपाक केलाय हो?"

"अगं, तू नाही. पुस्तकातली मदर."

"दिवाळीत आपल्याकडे ठाण्याचे सगळे आले, तेव्हा कुकर लावायचाच होता," जपमाळ न थांबवता आजी म्हणाली.

"आई, ते सांगितल्यापेक्षा दोन तास आधी आले होते!"

म्हणजे आता तीन घटना झाल्या: ठरलेली वेळ, पाहुणे आणि कुकर. कन्येने शांतपणे लिहून टाकलं, 'बाय द टाइम द गेस्ट्स अराइव्ह्ड, मदर हॅड कुक्ड द फूड.' पुस्तकातल्या वाक्यांचा क्रम म्हणजे घटनांचा क्रम नव्हे, हे तिला बाईंनी सांगितलं होतं. मला ते स्वयंपाकघरातून कळलं.

दहाव्या प्रश्नापर्यंत जाण्याऐवजी मी माझ्या वर्गमित्राला फोन केला. तो तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवतो आणि रात्री अकरापर्यंत फोन उचलतो. सगळं ऐकून तो म्हणाला, "खरं सांगू? बिफोर आणि आफ्टर असताना हॅड नसला तरी चालतं. 'द पेशंट डाइड बिफोर द डॉक्टर केम' हे उत्तम इंग्रजी आहे. आधी कोण ते बिफोरने सांगितलंच की. पण परीक्षेत मार्क हॅडला आहेत, म्हणून घालायचा."

"मग तो खरा लागतो कुठे?"

"व्हेन घालून बघ. 'व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट डाइड.'"

मी बघितलं. डॉक्टर दारात आले आणि रोग्याने मान टाकली.

"आता हॅड घाल. 'व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट हॅड डाइड.' डॉक्टर आले तेव्हा सगळं संपलेलं होतं. व्हेनला क्रम सांगता येत नाही, तिथे एकट्या हॅडवर डॉक्टरांची अब्रू आहे. आणि बाय द टाइमला तो ठेवायचाच, कारण तिथे 'तोवर उरकलं होतं' हेच सांगायचं असतं. 'झोपलेले होते', 'अंधार होता' असं नुसतं असणं असेल तर मात्र वॉज-वेअर पुरे."

मी धीर करून माझं पहिलं वाक्य सांगितलं, बिफोर द डॉक्टर हॅड कम. मला वाटलं, हसेल. तो म्हणाला, "परीक्षेत लिहू नकोस, पण बिफोरच्या मागे हॅड कधीच येत नाही असं नाही. एखादं काम पुरं व्हायच्या आतच दुसरं घडलं, तर येतो. डॉक्टरांनी तपासून व्हायच्या आत कंपाउंडरने बिल हातात दिलं. 'द कंपाउंडर गेव्ह द बिल बिफोर द डॉक्टर हॅड एक्झॅमिन्ड द पेशंट.' तपासणी मागे पडली, बिल पुढे गेलं. हॅड आहे, तरी ते आधी झालेलं नाही."

म्हणजे हॅड ज्याच्याकडे तो आधी गेला, हा नियम पाऊण तासात कोसळला. मी ते कन्येला सांगितलं नाही. तिने मात्र स्पीकरवर सगळं ऐकलं होतं.

फोन ठेवता ठेवता मित्र म्हणाला, "आणि ऑफिसात आय हॅड गॉन लिहीत जाऊ नकोस."

हे त्याला कुणी सांगितलं? कुणी नाही. तो मराठी माणसाला ओळखतो. आजी रोज सांगते, "सकाळी देवळात गेले होते, तिथे शेजारच्या काकू भेटल्या होत्या, प्रसाद दिला होता." यात कुठेही 'कशाच्या आधी' नसतं. आपलं 'गेले होते' म्हणजे जाऊन आले, झालं गेलं. शाळेत मात्र त्यालाही पूर्ण भूतकाळ म्हणतात आणि हॅडवाल्यालाही. नाव एक म्हणून आपण त्यांना जुळे भाऊ समजतो. इंग्रजी हॅड एकटा फिरत नाही. मागे-पुढे कुठेतरी दुसरी घटना उभी असावी लागते. मी एकोणीस वर्षं मेल पाठवतोय, 'आय हॅड व्हिजिटेड द साइट यस्टरडे.' इंग्रज वाचेल तर पुढच्या ओळीत दुसरी घटना शोधत बसेल: साइटला गेला होता, बरं, मग काय झालं? पूल पडला? पण आमचे साहेब नगरचे. त्यांचं उत्तर येतं, 'आय हॅड सीन युअर मेल.' दोघांचं कधी अडलं नाही.

दोन दिवसांनी वही परत आली. नऊ बरोबर. 'पाऊस थांबला, आम्ही निघालो' यात मी भरीला पडून दोन्हीकडे हॅड घालायला लावला होता, तिथे लाल गोल. शेवटचा प्रश्न होता, बिफोर वापरून स्वतःचं वाक्य बनवा. तो तिने माझ्यापासून लपवून लिहिला होता.

'बाबा एक्स्प्लेन्ड द रूल बिफोर ही हॅड अंडरस्टुड इट.'

खाली बाईंची बरोबरची खूण होती, आणि शेजारी 'व्हेरी गुड'.