महागाई हटवायचीय? मग आधी होम लोन काढा

महागाईवर व्हॉट्सॲप फॉरवर्ड ढकलत बसण्यापेक्षा देशासाठी काहीतरी करा राव. जास्त काही नाही, फ्लोटिंग रेटचं, म्हणजे व्याजदर वरखाली होणारं, एक दणदणीत होम लोन काढा. कसं ते सांगतो.

आधी एक खुळ डोक्यातून काढा. टीव्हीवर 'महागाई घटली' ऐकलं की तुम्ही पिशवी घेऊन बाजारात पळता आणि भाव तेच बघून परत येताना सरकारच्या नावाने बोटं मोडता. अहो, घटला तो वाढीचा वेग, भाव नाही. 100 ची वस्तू वर्षात 108 झाली तर महागाई 8 टक्के, पुढच्या वर्षी ती 112 च्या जरा वर गेली की महागाई 4 टक्के, आणि रिझर्व्ह बँक खूश, कारण 2016 पासून तिला ठरवून दिलेलं टार्गेटच 4 टक्के आहे, वरखाली 2 ची सूट धरून. वस्तू परत 100 ला मिळेल असं तुम्हाला कोणीही कबूल केलेलं नाही.

तर एप्रिल 2022 मध्ये हा आकडा 7.79 टक्क्यांवर गेला. युक्रेनचं युद्ध, खाद्यतेल, पेट्रोल, सगळं एकदम. आता रिझर्व्ह बँकेकडे ना तेलाची विहीर ना सूर्यफुलाचं शेत, तिच्याकडे आहे रेपो रेट, म्हणजे बँका तिच्याकडून थोड्या दिवसांसाठी पैसे उचलतात त्याचा व्याजदर. मे 2022 मध्ये ठरलेली मीटिंग नसताना तिने तो 4 वरून 4.40 केला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत वाढवत वाढवत 6.50 वर नेला. हिशोब साधा आहे, कर्ज महाग झालं की लोक फ्लॅट, गाडी, फ्रिज पुढे ढकलतात, दुकानात गर्दी कमी, मग दुकानदार भाव वाढवताना दहादा विचार करतो. या सगळ्यात हात आखडता घ्यायला कोणीतरी लागतं ना, ते तुम्ही!

समजा तुम्ही 2022 च्या सुरुवातीला 30 लाख, 20 वर्षांसाठी, साडेसहा टक्क्यांनी घेतले. हप्ता 22,367. वर्षभरात रेपो अडीच टक्के वाढला, तुमचं लोन रेपोला बांधलेलं, म्हणजे तुमचा दर 9. बँक भली, तिने हप्ता वाढवला नाही, फक्त मुदत वाढवली आणि तुम्ही 'वाचलो बुवा' म्हणून हॉटेलात जेवून आलात. आता बाकी साडेएकोणतीस लाख धरा, तर महिन्याचं नुसतं व्याजच 22,125. म्हणजे तुमच्या हप्त्यातले 242 रुपये मुद्दलात जातात. या चालीने लोन फिटायला अजून 50 वर्षं! अर्थात बँक तुम्हाला तेवढं जगू देणार नाही, म्हणजे मुदत तेवढी देणार नाही, शेवटी हप्ता वाढवतेच. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलं की हप्ता वाढवायचा की मुदत हे गिऱ्हाईकाला विचारा. तेव्हा स्टेटमेंटमधला मुद्दलाचा कॉलम अजिबात बघू नका, उगाच देशसेवेतून मन उडायचं.

आणि ज्यांच्यावर कर्जच नाही त्यांचं काय म्हणता? ते मजेत, त्यांची एफडी जास्त व्याज द्यायला लागते, तुमच्या लोनपेक्षा सावकाश का होईना.

जुलै 2023 मध्ये टोमॅटो भडकला आणि महागाई परत 7.44 वर गेली. रेपो तेव्हा साडेसहावरच होता. व्याज वाढवून टोमॅटोला फळ धरत नाही हे रिझर्व्ह बँकेलाही कळतं, तिला भीती वेगळीच असते, ती म्हणजे तुमची. भाजी महागली म्हणून वडापाववाला दर वाढवतो, रिक्षावाला मीटरबाहेर मागतो, तुम्ही बॉसकडे पगारवाढ मागता, आणि सगळ्यांनीच 'आता असंच वाढत राहणार' धरलं की पाऊस चांगला होऊनही भाव खाली बसत नाहीत. खरं सांगायचं तर यात तिचं चुकत नाही. फक्त तुमचा हप्ता पिळून त्याचा परिणाम बाजारात दिसायला तीनचार तिमाह्या सहज जातात, तोवर टोमॅटो स्वस्त होऊन शेतकरी तो रस्त्यावर ओततोय.

बरं, एवढं करूनही जमलं नाही तर रिझर्व्ह बँकेला जाब विचारतात बरं का. सलग तीन तिमाह्या महागाई 6 च्या वर राहिली तर तिला सरकारला पत्र लिहून कारणं द्यावी लागतात. 2022 मध्ये तसं झालं, नोव्हेंबरमध्ये खास मीटिंग घेऊन पत्र लिहिलं, त्यात काय होतं ते मात्र जाहीर केलं नाही. तुमचं थोडं वेगळं आहे. तुमचा हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकलेलं कर्ज होतं, आणि पत्र तुम्ही लिहायचं नसतं, ते तुम्हाला येतं.