'ने' दिसला की कर्मणी? जरा थांबा

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या वह्या बघण्याचा योग वारंवार येतो. राज्यसेवा असो, तलाठी असो की पोलीस भरती, मराठी व्याकरणाच्या पानावर एक तक्ता ठरलेलाच. स, ला, ते म्हणजे द्वितीया, ने, ए, शी म्हणजे तृतीया, ऊन, हून म्हणजे पंचमी. खाली लाल शाईत सूत्र: 'कर्त्याला ने असेल आणि कर्माला ला नसेल तर कर्मणी, दोघांनाही प्रत्यय असेल तर भावे.' तक्ता चुकीचा नाही, सूत्रही बऱ्याचदा चालतं. पण पेपर काढणारा माणूस हाच तक्ता समोर ठेवून पर्याय रचतो. त्यामुळे ज्याच्याजवळ फक्त तक्ता आहे, तो नेमका त्याने खणलेल्या खड्ड्यात पडतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्यय बघून उत्तर ठरवू नका, क्रियापद हलवून बघा. म्हणजे काय, ते एका प्रश्नावर दाखवतो.

'शिक्षकांनी मुलांना गणित शिकवले.' प्रयोग ओळखा. पर्याय: कर्तरी, कर्मणी, भावे, संकर.

निम्मी मुलं 'भावे' लिहितात. त्यांचा विचार सरळ असतो. 'शिक्षकांनी' ला नी आहे, 'मुलांना' ला ना आहे, दोघांनाही प्रत्यय आहे आणि क्रियापद 'शिकवले' असं एकारान्त, नपुंसकलिंगी, एकवचनी आहे. भावे प्रयोगाचं वर्णन पुस्तकात असंच तर असतं!

आता वाक्य हलवू. आधी कर्ता बदला: 'शिक्षिकेने मुलांना गणित शिकवले.' क्रियापद जागचं हललं नाही, म्हणजे कर्तरी नाही. मग 'मुलांना' बदला: 'शिक्षकांनी मुलीला गणित शिकवले.' तरीही नाही. आता 'गणित' काढा आणि स्त्रीलिंगी शब्द घाला: 'शिक्षकांनी मुलांना कविता शिकवली.' पुल्लिंगी घाला: 'धडा शिकवला.' अनेकवचन करा: 'गणिते शिकवली.' क्रियापद लगेच वळलं. ते गणिताच्या मागे चाललं होतं, पण गणित स्वतःच नपुंसकलिंगी एकवचनी असल्यामुळे ते दिसत नव्हतं. उत्तर कर्मणी.

याच वाक्यातून 'गणित' पूर्ण काढून टाका: 'शिक्षकांनी मुलांना शिकवले.' आता कर्त्याच्या जागी कुणालाही आणा, मुलांच्या जागी मुलगी, मुलगा, वर्ग काहीही आणा, 'शिकवले' तसंच राहतं. हा भावे. दोन वाक्यांत फरक एका शब्दाचा आणि क्रियापदाचं रूप अक्षरशः तेच. म्हणून 'ले' या रूपावर कधीही विश्वास ठेवू नये. नपुंसकलिंगी कर्माशी जुळलेला 'ले' आणि कुणाशीच न जुळलेला 'ले' दिसायला एकच. पेपरात कर्म म्हणून पुस्तक, पत्र, चित्र, फूल, काम, गाणं हेच शब्द पुन्हा पुन्हा का येतात, याचं कारण बहुधा हेच असावं. यावर 'फसवा प्रश्न' म्हणून ओरड होते, मला ती पटत नाही. हा प्रश्न खरोखर वाक्यरचना तपासतो.

विध्यर्थातही हेच चालतं, तिथे लोक जास्तच बेसावध असतात. 'मुलांनी पुस्तक वाचावे' हे कर्मणी, कारण 'वही वाचावी', 'ग्रंथ वाचावा'. 'मुलांनी घरी जावे' हे भावे, कारण तिथे क्रियापदाला धरायला कर्मच नाही.

या हलवाहलवीत विभक्तीचा प्रश्नही आपोआप सुटतो. द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय सारखेच, मग 'मुलांना' कोणती? 'शिक्षकांनी मुलांना शिकवले' यात क्रिया थेट मुलांवर घडते, दुसरं कर्म नाही, म्हणून द्वितीया. दुसरं जोडवाक्य घ्या: 'त्याने मला मारले' आणि 'त्याने मला हाक मारली.' पहिल्यात 'मला' कर्म, द्वितीया, भावे प्रयोग. दुसऱ्यात क्रियापद 'हाक' या शब्दामागे गेलं, म्हणजे कर्माची जागा हाकेने घेतली. 'मला' आता ज्याला उद्देशून हाक आहे तो झाला, म्हणून चतुर्थी. मारणं तेच, मला तोच, पण विभक्ती वेगळी. ('मुलांना गणित शिकवले' यात गणित मुख्य कर्म आणि मुलं अप्रत्यक्ष कर्म, तेव्हा तिथेही चतुर्थीच.)

आता 'मी'. हा माझा आवडता प्रश्न आहे. 'मी निबंध लिहिला.' यातल्या 'मी' ची विभक्ती कोणती? प्रत्यय दिसत नाही म्हणून बहुतेक जण 'प्रथमा' वर टिचकी मारून पुढे जातात. 'मी' च्या जागी 'तो' घालून बघा. 'तो निबंध लिहिला' असं प्रमाण मराठीत कुणी म्हणत नाही, 'त्याने निबंध लिहिला' म्हणावं लागतं. म्हणजे ती जागाच तृतीयेची आहे. मी, आम्ही, तू, तुम्ही ही सर्वनामं त्या जागेवर प्रत्यय न घेता बसतात. 'मी निबंध लिहितो' मध्ये मात्र 'तो निबंध लिहितो' चालतं, म्हणून तिथे प्रथमा. शब्द एकच, डोळ्यांना काहीच फरक नाही, आणि काळ बदलला म्हणून विभक्ती बदलली. प्रयोगही बदलला: लिहितो कर्तरी, लिहिला कर्मणी.

म्हणूनच काळ, विभक्ती आणि प्रयोग हे तीन वेगळे धडे म्हणून शिकवायला माझा विरोध आहे. 'कर्तरी करायचा की कर्मणी' ही निवड अनेकदा बोलणाऱ्याच्या हातात नसतेच, ती क्रियापदाचं रूप करतं. सकर्मक धातू लाख्यातात (लिहिला, वाचली) किंवा वाख्यातात (लिहावा, वाचावी) गेला की कर्ता साधारणपणे तृतीयेत जातो. ताख्यातात (लिहितो, वाचते) तसं होत नाही.

साधारणपणे म्हटलं, कारण काही धातू हट्टी आहेत. 'तो धडा शिकला', 'ती कविता विसरली', 'तो खोटं बोलला'. कर्म आहे, भूतकाळ आहे, तरी कर्त्याला ने लागत नाही आणि क्रियापद कर्त्यामागेच जातं. 'मुलगी धडा शिकली' म्हणतो, 'मुलीने धडा शिकला' नाही. हे कर्तरी. फक्त 'ती कविता विसरली' हे वाक्य तपासायला वाईट, कारण कर्ता आणि कर्म दोन्ही स्त्रीलिंगी आहेत. 'तो कविता विसरला' करा, लगेच कळेल.

इथपर्यंत क्रियापद हलवण्याची युक्ती चोख चालते. आता तिची मर्यादा.

'आजोबांना हा जिना आवडतो.'
'आजोबांना हा जिना चढवतो.'

दोन्हीकडे जिन्याऐवजी टेकडी घाला: 'टेकडी आवडते', 'टेकडी चढवते.' पायऱ्या घाला: 'आवडतात', 'चढवतात'. दोन्ही क्रियापदं सारखीच जुळतात. दोन्हीकडे 'आजोबांना' चतुर्थी. पण उत्तरं वेगळी. युक्ती फक्त एवढंच सांगते की क्रियापद कुणाच्या मागे चाललंय. तो शब्द कर्ता की कर्म, हे सांगत नाही. तिथे धातूला विचारावं लागतं. चढणारं कोण? आजोबा. चढलं जाणारं काय? जिना. म्हणजे जिना कर्म, आणि 'चढवतो' चा अर्थ 'चढता येतो' असा, म्हणून शक्य कर्मणी. आवडणारं काय? जिना. परंपरेने तोच कर्ता, म्हणून कर्तरी. 'मला ताप आला' ही त्याच घरातलं: आला कोण, तर ताप. आणि 'आजोबांना आता चालवत नाही' यात मागे चालायला काहीच नाही, म्हणून भावे.

'आवडतो' च्या बाबतीत मात्र परंपरेचं उत्तर मी पूर्ण समाधानाने देत नाही. 'रामाला आपलं गाव आवडतं' या वाक्यात 'आपलं' कुणाचं? रामाचं. 'आपला' हा शब्द एरवी कर्त्याकडे बोट दाखवतो: 'रामाने आपलं गाव सोडलं.' म्हणजे 'रामाला' मध्येही कर्तेपणाचा थोडा अंश आहे. भाषाशास्त्रात 'चतुर्थ्यन्त कर्ता' यावर चर्चा होते ती उगाच नाही. अशा वाक्यावर चार पर्यायांचा एका गुणाचा प्रश्न काढणं मला अन्यायाचं वाटतं. परीक्षेत परंपरेचं उत्तर द्या, पण ते न पटणाऱ्या मुलाला मूर्ख ठरवू नका.

काळाच्या जवळच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. 'तो डोंगर चढत असे' रीती भूतकाळ, 'चढत होता' अपूर्ण भूतकाळ. इथे मुलं 'रोज' हा शब्द शोधतात आणि फसतात, कारण 'तो रोज डोंगर चढत होता' असंही आपण सर्रास बोलतो. निर्णय सहायक क्रियापदावर करा, क्रियाविशेषणावर नको. आणि 'तू पुढे हो, मी आलोच' यात रूप भूतकाळाचं असलं तरी येणं अजून व्हायचंय. प्रश्न रूप विचारतोय की अर्थ, हे दोनदा वाचून ठरवा.

शेवटी संकर, कारण पर्यायांत तो असतोच आणि कुणी त्याला हात लावत नाही. 'तू मला पुस्तक दिलेस.' पुस्तकाऐवजी वही: 'दिलीस.' म्हणजे क्रियापद कर्मामागे. आता 'तू' ऐवजी 'त्याने': 'दिले', शेवटचा स गळाला. म्हणजे ते कर्त्याचंही ऐकतंय. दोन्हीकडे हलतंय, म्हणून कर्तृ-कर्म संकर. आणि 'तू मला पुस्तक दिले' असं स न लावता लिहिलं तर उरतो निव्वळ कर्मणी. पर्यायांत दोन्ही असतील, तेव्हा तो एक स आहे की नाही हे नीट बघा.