अर्धवट आठवडा गाळला म्हणजे आकडे लपवले का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

«आयएसओनुसार आठवडा सोमवारीच सुरू होतो, हे लेखकाला ठाऊक नसावे. आलेखातून अर्धवट आठवडे गाळणे म्हणजे आकडे लपवणे. दिवसांच्या प्रमाणात वाढवून दाखवता आले असते. आधी शिकावे, मग लिहावे.»

महोदय,

शेवटचे वाक्य लिहिले नसते, तर रोजच्या उत्पादनाची आठवडावार बेरीज मांडणाऱ्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी अधिक आनंदाने वाचली असती. भोसरीतल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षे रोजच्या उत्पादनाच्या नोंदी सांभाळल्या आहेत. शिकणे तिथेच झाले, आणि तेही साहेबांची बोलणी खात. एक चूक मात्र मान्य करतो. पांडास या पायथन लायब्ररीत `W` म्हणजे रविवारी संपणारा आठवडा. मी «रविवारी सुरू होणारा» असे लिहिले होते, ते दुरुस्त केले आहे.

आता «प्रमाणात वाढवून दाखवा» याविषयी. लेखातील नोंदी १ जानेवारी ते ३१ मार्च २०२५ या काळातल्या होत्या. कारखान्याला गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशी वहीत शून्य मांडतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून कामाच्या दिवसाला १२० नग धरू, म्हणजे पूर्ण आठवड्याचे ७२० होतात. आपल्या सोमवार ते रविवार पद्धतीने पहिल्या गटात बुधवार ते रविवार असे पाचच दिवस येतात आणि त्यातला एक गुरुवार, म्हणून ४८० नग. सातास पाच या प्रमाणात वाढवले की ६७२ मिळतात, म्हणजे न झालेली घट दिसते. शेवटच्या गटात तर ३१ मार्चचा सोमवार एकटाच आहे. त्या १२० ना सातने गुणले की ८४० होतात, आणि ही वाढ कुणी केली ते आपणच सांगावे! शिवाय या गटावर ६ एप्रिल ही तारीख पडते, जिची नोंद वहीत नाहीच.

म्हणून मी आठवडा नोंदींच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे सोमवारी संपवला; इथे `s` म्हणजे तारखांनुसार रोजच्या नगांची मालिका:

```python
s.resample("W-MON").agg(["sum", "count"])
```

असे केल्याने ताजा आठवडा पूर्ण येतो आणि अपूर्णपणा सुरुवातीच्या १ ते ६ जानेवारीच्या गटात जातो. तो गट आलेखात नाही, पण तक्त्यात आहे. लपवणारा माणूस तक्ता कशाला छापेल? `count` ६ दिसला की गट अपूर्ण, हे कुणालाही कळते. एखाद्या दिवसाची नोंदच राहून गेली, तर `sum` गुपचूप शून्य धरून पुढे जातो, पण `count` चुगली करतो. मात्र सुट्टीच्या दिवशी शून्य न लिहिता ओळच वगळत असाल, तर पूर्ण आठवडाही ६ च दाखवेल. तिथे हा उपाय चालत नाही.

आयएसओचे म्हणाल, तर ते क्रमांकांसाठी ठीक आहे. आमचा गुरुवार त्याला विचारून ठरलेला नाही.

महिन्यांना हेच लागू आहे. याच नोंदींत जानेवारीत कामाचे २६ दिवस, फेब्रुवारीत २४ आणि मार्चमध्ये २७ येतात, म्हणून एकही नग वेगाने न बनवता मार्चची बेरीज सर्वांत मोठी दिसते. आपल्या पद्धतीत हेही बसवून दाखवावे.