शेजाऱ्याची छातीची गोळी तुम्हाला का देत नाहीत

ठाण्याच्या नौपाड्यात प्रॅक्टिस करतो, त्यामुळे तलावपाळीला सकाळी फिरणारी मंडळी पेशंट म्हणून बरीच येतात आणि एकमेकांची प्रिस्क्रिप्शन्स त्यांना तोंडपाठ असतात. गेल्या पावसाळ्याच्या आधी असेच एक काका आले, वय सदुसष्ट, शुगर जुनी, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. मोठी नस उघडली होती, एक बारीक फांदी राहिली होती जिच्यात स्टेंट बसत नाही. स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना छाती आवळायची, थांबले की दोन-तीन मिनिटांत मोकळी व्हायची. नायट्रेटची रोजची गोळी चालू केली तर डोकं इतकं ठणकायचं की त्यांनी ती स्वतःच बंद करून टाकली. आणि हातात मोबाईल, त्यावर फिरायला येणाऱ्या मित्राच्या गोळीच्या स्ट्रिपचा फोटो, आयव्हाब्राडीन. "डॉक्टर, त्याला हिने फार फरक पडला, मला का देत नाही तुम्ही?"

प्रश्न रास्त आहे. पण आधी एक सांगतो, कारण हे कुणी सांगतच नाही. छाती आवळण्यावरच्या या सगळ्या गोळ्या मुख्यतः त्रास कमी करायला आहेत. पुढचा हार्ट अॅटॅक टाळायचं काम अॅस्पिरिन आणि स्टॅटिनचं, म्हणून छाती दुखायची थांबली की त्या बंद करणारे लोक बघितले की मला खरंच राग येतो. आणि त्रास कमी करणाऱ्यांत अमुक गोळी भारी, तमुक हलकी असा नंबर नसतो. माझ्यामते पहिले दोन आकडे बघायचे, बसल्याजागी नाडी किती आणि बीपी किती, निम्मी निवड तिथेच होते. तरी फाईलमध्ये हजारो रुपयांचे रिपोर्ट असतात आणि नाडीचा आकडा एकाही कागदावर नसतो!

काकांची नाडी ५८, बीपी १०६/६८. मेटोप्रोलॉल हे नाडी कमी करणारं बीटा ब्लॉकर आधीपासून चालू, म्हणजे ठोके हवे तेवढे खाली आलेलेच होते, आपण साधारण ५५ ते ६० धरतो. आता आयव्हाब्राडीन करतं काय, तर हृदयात जिथून ठोका सुरू होतो त्या जागेचा वेग कमी करतं, बस्स, बीपीला जवळपास हात लावत नाही. हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात, वेग कमी झाला की तो वेळ वाढतो आणि कामही कमी होतं. त्या मित्राला दमा आहे, बीटा ब्लॉकर झेपत नाही, नाडी ८४ असायची, त्यांना ही गोळी लागू पडली यात नवल नाही. पण ५८ वर अजून खाली कुठे नेणार, चक्कर येऊन पडतील जिन्यावर. युरोपातल्या औषध नियंत्रकांचा नियमच आहे की अँजायनासाठी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छाती आवळते त्यासाठी, ही गोळी नाडी ७० किंवा जास्त असेल तरच सुरू करायची, आणि तीन महिन्यांत फरक पडला नाही तर बंद करायची. हा नियम आला याच गोळीच्या २०१४ च्या सिग्निफाय ट्रायलनंतर. १९ हजारांवर पेशंट होते, डोस नेहमीपेक्षा चढा होता, एकूणात फायदा दिसला नाही आणि ज्यांना छातीचा त्रास जास्त होता त्यांच्यात मृत्यू आणि अॅटॅक मिळून थोडे वाढलेच. शिवाय एट्रियल फिब्रिलेशन असेल, म्हणजे ठोके मुळातच वेडेवाकडे, तर ही गोळी कामच करत नाही. डोळ्यांसमोर मधूनच लखलख दिसते ती याच गोळीची, घाबरायचं नाही पण गाडी चालवत असाल तर डॉक्टरला सांगा.

मग अॅमलोडिपीन का नाही? नसा सैल करते, बीपी चढं असेल तर एका गोळीत दोन कामं, आणि बीटा ब्लॉकरबरोबर छान जमते. दुसऱ्या कुणाचं बीपी १५० असतं तर मी डोळे मिटून तीच लिहिली असती. पण १०६ वर? उठता उठता अंधारी येणार. (जाता जाता, अॅमलोडिपीनने संध्याकाळी घोट्याला सूज येते, ती अंगात पाणी साठल्याची नसते, बारीक नसा सैल झाल्याने पाणी बाहेर झिरपतं, लघवीच्या गोळीने ती फारशी जात नाही. तरी अॅमलोडिपीन तशीच ठेवून वर लघवीची गोळी लावलेली मी कितीदा बघितलीये.)

राहिली डिल्टियाझेम. हीसुद्धा कॅल्शियम चॅनेल ब्लॉकरच, पण अॅमलोडिपीनची सख्खी बहीण समजू नका, ही नाडीही कमी करते. बीटा ब्लॉकर चालत नसेल तिथे, नसेला उबळ येऊन दुखणाऱ्या अँजायनात, खूप कामाची. मात्र हृदयाचं पंपिंग कमी असेल तर नको, आणि मेटोप्रोलॉलवर चढवली तर ठोका वरून खाली पोचायलाच अडतो. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या, एकीवर ही आणि एकीवर ती, आणि आजी नाडी ४० घेऊन खुर्चीत गळून बसलेल्या, असं मी पाहिलंय. आयव्हाब्राडीनबरोबर तर डिल्टियाझेम द्यायचीच नाही.

म्हणून काकांसाठी रॅनोलाझीन. ही नाडीला आणि बीपीला फारसं छेडत नाही, काम करते पेशीच्या आत. रक्त कमी पडलं की स्नायूच्या पेशीत सोडियम उगाच शिरत राहतं, त्यापाठोपाठ कॅल्शियम साठतं आणि स्नायू नीट सैलच होत नाही, रॅनोलाझीन ती गळती कमी करते. शुगरवाल्यांत तिचा फायदा दाखवलेला आहे. पण चमत्कार नाही हं, ट्रायलमध्ये आठवड्याला साधारण एखादा झटका कमी, इतपत.

सुरू करायच्या आधी ईसीजी काढला, कारण ती ईसीजीवरचं क्यूटी हे अंतर, म्हणजे ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ, लांबवते आणि ते फार लांबलं तर ठोक्यांची घातक गडबड होऊ शकते. लिव्हर, किडनीचं क्रिएटिनिन बघितलं, लिव्हर सिरॉसिस असेल तर देतच नाहीत. ५०० मिलिग्रॅम दोन वेळा, अख्खी गिळायची, मोडायची नाही. ते शुगरचं मेटफॉर्मिन दिवसाला २००० मिलिग्रॅम घेतात, या डोसला चालतं, पण रॅनोलाझीन हजार-हजार केली असती तर मेटफॉर्मिन १७०० च्या आत आणावं लागलं असतं. दोन आठवड्यांनी परत ईसीजी, ठीक होता. बद्धकोष्ठता झाली, ती होतेच, इसबगोलवर भागलं. पूल आता बहुतेक दिवस न थांबता चढतात, हातात पिशवी असली की अजून थांबावं लागतं.

खरी गंमत ऑगस्टमध्ये. खोकला झाला म्हणून काका सरळ मेडिकलमध्ये, तिथून फोन, "हा क्लॅरिथ्रोमायसिन देतोय, घेऊ का?" अजिबात नको! ही अँटिबायोटिक लिव्हरमधला तोच रस्ता अडवते जिथून रॅनोलाझीन बाहेर पडते, मग रक्तातलं प्रमाण चढतं आणि क्यूटी दोन्हीकडून लांबते. बुरशीच्या काही गोळ्यांचंही तेच, आणि आयव्हाब्राडीनवाल्यांनाही हीच बंदी. काकांनी विचारलं म्हणून बरं, बाकी कोण विचारतंय.

तर विचारायला येताना मित्राच्या स्ट्रिपचा फोटो नको. पाच मिनिटं शांत बसून पूर्ण एक मिनिट मोजलेली नाडी, बीपी, किती पायऱ्यांवर दुखतं, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, दुसऱ्या डॉक्टरच्या सुद्धा, एवढं लिहून आणा. आणि बसल्याजागी छाती दुखायला लागली, किंवा जिभेखालची गोळी घेऊनही पाच मिनिटांत थांबली नाही, तर कुठली गोळी वाढवायची हा प्रश्नच नाही, १०८ लावा.